पावत्यांचा डबा आणि रहस्यमालिका : एका जोडीचं प्रकरण

हे प्रकरण एका छायाचित्रकार मैत्रिणीच्या पावत्यांचं आहे. ती स्वतंत्रपणे काम करते, त्यामुळे प्रवास, भाड्याने घेतलेली लेन्स, प्रिंट, मदतनिसाचा मेहनताना असा सगळा खर्च आधी तिच्याच खिशातून जातो आणि त्याचा हिशेबही तिलाच ठेवावा लागतो. पावत्या ती एका पत्र्याच्या डब्यात टाकते. डबा भरतो, झाकण बसेनासं होतं, मग वर्षअखेरीला हिशेबनीसाचा फोन आला की दोन-तीन रात्री जागून सगळं एकदम उपसलं जातं. तोवर काही पावत्यांवरची शाई उडालेली असते. थर्मल कागदावर छापलेली पावती काही महिन्यांत फिकी पडते आणि पाकिटात घासली गेली तर त्याहून लवकर. म्हणजे हा निव्वळ आळसाचा प्रश्न नव्हता, उशिराने तिचे पैसे बुडत होते.

तिला कामाचं महत्त्व कळत नव्हतं असंही नाही. फोनवर दर शुक्रवारी संध्याकाळी ‘पावत्या’ अशी आठवण वाजायची आणि ती बोटाने बाजूला सारायची. काही आठवड्यांनी वाजलेलं तिच्या लक्षातही येईना. कामानंतर बक्षीस ठेवून पाहिलं : पावत्या लावल्या की रात्री सिनेमा. बक्षीस पावत्या न लावताही मिळत होतं, कारण सिनेमा बघायला तिला कोणाची परवानगी लागत नव्हती. शिवाय पावत्या लावताना कंटाळा होता तेवढाच होता, सिनेमा पुढे रात्री कधीतरी. या कामाचा फायदा सहा महिन्यांनी दिसतो आणि त्रास मात्र आत्ताचा असतो. फायद्याची आठवण कितीही करून दिली तरी त्रास आत्ताच होत राहतो. मग त्या त्रासाच्याच वेळेत काहीतरी सुख आणून बसवायचं, हा मार्ग उरतो.

या मार्गाला टेम्प्टेशन बंडलिंग म्हणतात. नकोसं पण गरजेचं काम आणि हवीहवीशी वाटणारी, थोडी चैनीची गोष्ट यांची गाठ मारायची, आणि ती चैन फक्त त्या कामासोबतच करायची. बक्षिसापेक्षा हे वेगळं आहे, कारण इथे सुख कामानंतर येत नाही, कामाबरोबरच चालू असतं. डेव्हिड प्रेमॅक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडलेलं तत्त्व असं होतं की माणूस किंवा प्राणी आपणहून जी गोष्ट जास्त करतो ती वापरून, कमी केली जाणारी गोष्ट वाढवता येते. त्यात एकामागून एक असा क्रम होता. बंडलिंगमध्ये दोन्ही एकाच वेळी होतात, आणि या ‘एकाच वेळी’मुळेच पुढे बऱ्याच अडचणीही येतात.

या विषयावरचा सर्वांत जास्त सांगितला जाणारा प्रयोग कॅथरीन मिल्कमन, ज्युलिया मिन्सन आणि केव्हिन व्होल्प यांचा आहे. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या, व्यायाम वाढवायची इच्छा असलेल्या लोकांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला उत्कंठा लावणाऱ्या कादंबऱ्यांची ऑडिओबुकं आयपॉडवर दिली, पण तो आयपॉड जिममध्येच कुलपात ठेवायचा, गोष्ट ऐकायची तर जिमला यायचं. दुसऱ्या गटाला तशीच पुस्तकं स्वतःच्या उपकरणावर दिली आणि ‘फक्त जिममध्येच ऐका’ असं सुचवलं. तिसऱ्या गटाला पुस्तकांच्या दुकानाचं भेटकार्ड दिलं. सुरुवातीच्या काळात पहिला गट तिसऱ्या गटापेक्षा ५१ टक्के जास्त वेळा जिमला गेला, दुसरा २९ टक्के. नंतर हा फरक ओसरत गेला आणि नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर तर बराचसा नाहीसा झाला.

बहुतेक जण यातला ५१चा आकडा सांगून थांबतात. मला आपल्या कामासाठी दुसरा गट जास्त महत्त्वाचा वाटतो. घरी बसून स्वतःपुरती जोडी बांधणारा प्रत्येक माणूस त्या दुसऱ्याच गटात असतो : कुलूप नाही, नियम आपणच केलेला, मोडला तर कोणी विचारणार नाही. त्या गटालाही फायदा झाला, पण कुलूपवाल्यांपेक्षा बराच कमी. शिवाय सुट्टीने घडी विस्कटली की ती आपोआप परत बसत नाही, हेही त्यात दिसतं. मैत्रिणीच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी जवळजवळ जशाच्या तशा घडल्या.

तिने चैन म्हणून निवडली एक रहस्यकथेची ऑडिओ मालिका. भाग साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांचे आणि प्रत्येक भागाचा शेवट टांगून ठेवणारा. निवड चांगली होती, आणि ती का चांगली होती हे बघण्यासारखं आहे, कारण बहुतेकांची जोडी इथेच फसते. लोक आवडीची गाणी लावतात. गाणी दिवसभर कुठेही लागलेली असतात, ती ऐकण्यासाठी डबा उघडायची गरज कोणाला पडेल? चैन अशी हवी की जी अजून दिनक्रमात शिरलेली नाही, जिचा पुढचा तुकडा हवासा वाटतो आणि जी नुसती बसून उपभोगताना मन थोडं खातं. ही शेवटची अट दुर्लक्षित राहते. दिवसाढवळ्या तासभर रहस्यमालिका ऐकत बसणं तिला वेळ वाया घालवल्यासारखं वाटायचं. पावत्यांसोबत ऐकताना ती टोचणी गेली. म्हणजे जोडीने फक्त काम सुसह्य झालं नाही, चैनही निर्धास्त झाली. दोन्ही बाजूंना काहीतरी मिळतं तेव्हाच गाठ टिकते.

पहिल्या बैठकीत तिने सगळं काम मालिकेसोबत करून पाहिलं. मालिका रंगली, काम बिघडलं. दोन पावत्यांच्या रकमा एकमेकींच्या जागी गेल्या, भाड्याची लेन्स ‘प्रवास’ या सदरात नोंदली गेली, आणि मधूनमधून ती पंधरा-पंधरा सेकंद मागे जाऊन संवाद पुन्हा ऐकत होती. हे मागे जाणं सर्वांत खात्रीचं लक्षण आहे. गोष्ट मागे न्यावी लागली की समजावं, काम लक्ष मागतंय. आणि काम पुन्हा तपासावं लागलं की समजावं, गोष्ट लक्ष खातेय. तिच्याकडे दोन्ही एकदम होत होतं.

कारण साधं आहे. ऐकलेल्या संवादाचा अर्थ लावणं आणि ‘ही रक्कम कोणत्या सदरात टाकू’ हा निर्णय घेणं, दोन्हींसाठी डोक्यातला शब्दांचा कारभार लागतो. हात आणि डोळे कागद सरळ करत असताना कान मोकळे राहू शकतात. पण मनातल्या मनात आकडा धरून ठेवायचा आणि त्याच वेळी खुनी कोण याचा विचार करायचा, हे जमत नाही. इथे इच्छाशक्ती वाढवून उपयोग होत नाही, कामाचेच तुकडे पाडावे लागतात.

म्हणून आम्ही ‘पावत्या लावणे’ या एका शब्दामागे प्रत्यक्षात काय काय आहे ते कागदावर मांडलं. डबा रिकामा करून पावत्या टेबलावर पसरणे. चुरगळलेल्या सरळ करणे. महिन्यानुसार ढीग करणे. प्रत्येकीचा फोनवर फोटो काढणे. फिकट असेल तर रक्कम पेन्सिलीने मागे लिहून ठेवणे. फोटो त्या-त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये टाकणे. इथपर्यंतचं सगळं हातांचं काम. त्यानंतर स्प्रेडशीटमध्ये तारीख, रक्कम, सदर भरणे, आणि शेवटी बँकेच्या विवरणपत्राशी जुळवणी. ही दोन डोक्याची कामं.

हातांच्या कामाला वेळ जास्त लागत होता आणि तिरस्कारही त्याचाच जास्त होता, हे तिला तेव्हाच कळलं. सदर ठरवणं तिला अवघड वाटत नव्हतं, त्या आधीचा पसारा नको वाटत होता. म्हणून जोडी फक्त हातांच्या कामाशी बांधली. स्प्रेडशीट भरायचं काम शांततेत, मालिका बंद करून, पण लावलेल्या ढिगांवरून भरायचं असल्याने ते आता लवकर आटोपायचं. त्यालाही काहीतरी गोड जोडू या, असं तिने सुचवलं होतं. मी नको म्हटलं. प्रत्येक कामाला चैन जोडली की चैन पार्श्वभूमीत विरून जाते, मग ती पहिल्या कामालाही उपयोगी पडत नाही.

पुढचा प्रश्न लांबीचा होता. दोन आठवड्यांच्या पावत्यांचं हातकाम साधारण अर्ध्या तासाचं, भाग त्याहून थोडा मोठा. मग काम संपल्यावर उरलेली पाच-दहा मिनिटं ऐकायची की नाही? सुरुवातीला तिने ऐकायची मुभा घेतली. नियम वाजवी वाटतो, पण त्याने वेगळंच झालं : भागाचा उत्कंठेचा शेवट निवांत ऐकता यावा म्हणून ती काम उरकायला लागली. फोटो हललेले यायला लागले, पावतीचा खालचा कोपरा, म्हणजे नेमका एकूण रकमेचा, चौकटीबाहेर जायला लागला. मग नियम बदलला. शेवटची पावती डब्यात परत गेली की मालिका तिथेच थांबवायची, वाक्याच्या मध्यात असली तरी.

या नियमालाही खोट आहे. यात रेंगाळण्याचा मोह होतो, ढीग करताना उगाच कडा जुळवत बसावंसं वाटतं. पण रेंगाळण्याने इथे काही बिघडत नव्हतं, उलट फोटो सुधारले. जोडी बांधताना ती माणसाला कोणत्यातरी दिशेने ढकलणारच, आणि कोणत्या दिशेची चूक आपल्याला परवडते ते आधी बघून नियम ठरवावा. तास मोजून पैसे मिळणाऱ्या कामात हाच नियम चुकीचा ठरला असता.

आता आठवणीबद्दल, कारण या प्रकरणात सर्वांत जास्त फरक आठवणीनेच पडला, आणि तिच्याकडे कोणी फारसं बघत नाही.

सुरुवातीला तिच्या फोनवर दोन वेगवेगळ्या सूचना येत होत्या. शुक्रवारी संध्याकाळी सहाला ‘पावत्या’. आणि मंगळवारी सकाळी मालिकेच्या ॲपकडून : नवा भाग आला. म्हणजे मोह मंगळवारी जागा व्हायचा, काम शुक्रवारी आठवायचं. मधल्या तीन दिवसांत नियम सांभाळणं ही निव्वळ परीक्षा होती. जोडी तिच्या मनात होती, फोनला तिचा पत्ता नव्हता. त्यात ‘पावत्या’ हा एकटा शब्द आता कंटाळ्याची सूचनाच झाला होता. तो दिसला की हात आपोआप बाजूला सारायला जायचा.

म्हणून ॲपच्या सूचना पूर्ण बंद केल्या आणि जुनी शुक्रवारची आठवण खोडली. त्या जागी एकच आठवण आली, दोन्ही गोष्टी असलेली. तिचे शब्दही विचार करून ठरवले. पहिला मसुदा होता, ‘मालिका ऐक आणि पावत्या लाव’. यात धोका आहे. मालिका आधी आली की मालिकाच लागते, पावत्या वाक्याच्या शेपटीला राहतात. दुसरा मसुदा ‘पावत्या लाव, मग मालिका’, पण हा पुन्हा बक्षिसाचा क्रम झाला. शेवटी ठरलं ते असं : ‘डबा टेबलावर ओत. भाग सात लाव.’ पहिलं वाक्य एक हालचाल सांगतं, ती इतकी छोटी आहे की तिच्यावर विचार करावा लागत नाही. दुसऱ्यात भागाचा क्रमांक आहे, त्यामुळे मागचा भाग कुठे थांबला होता ते लगेच आठवतं आणि ओढ तिथूनच सुरू होते. क्रमांक दर वेळी बदलावा लागतो, आणि बदलण्याची वेळ ठरलेली : शेवटची पावती आत गेल्यावर, मालिका थांबवताक्षणी. ते विसरलं तर पुढची आठवण शिळी निघते, आणि शिळी आठवण ‘पावत्या’ इतकीच सहज बाजूला सारली जाते.

उरला प्रश्न वेळेचा. शुक्रवारी सहा ही वेळ तिच्या आयुष्यात कशाशीच बांधलेली नव्हती. कधी ती चित्रीकरणात असायची, कधी प्रवासात. घड्याळाने आठवण करून दिलेलं काम माणूस जिथे असेल तिथे गाठतं, आणि तिथे डबा असेलच असं नाही. भविष्यात करायच्या कामांच्या स्मरणावर संशोधन करणारे घड्याळावर टेकलेलं स्मरण आणि घटनेवर टेकलेलं स्मरण असा फरक करतात. अमुक वाजता, की अमुक घडल्यावर. दुसऱ्या प्रकारात जगच आठवण करून देतं.

मग तिच्या आठवड्यात हमखास घडणारी घटना शोधली. ती सापडली कार्डांमध्ये. प्रत्येक चित्रीकरणानंतर ती कॅमेऱ्याची मेमरी कार्डं संगणकावर उतरवते, आणि मोठ्या फाइलींची नक्कल दोन डिस्कवर व्हायला चांगला अर्धा-पाऊण तास जातो. त्या वेळात ती नुसती फोन चाळत बसायची. नक्कल सुरू झाली की बसायची जागा तीच, टेबल तेच, आणि त्या दिवशीच्या पावत्या तर खिशातच. याहून योग्य घटना मागून मिळाली नसती. फोनवरची आठवण आता घड्याळावर न ठेवता तिने कार्ड-रीडरला बांधली. अक्षरशः बांधली : रीडरच्या वायरला एक लाल कापडी पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी, डबा आणि भागाचा क्रमांक असलेली.

लाल पट्टीचं कारण टॉड रॉजर्स आणि मिल्कमन यांच्या २०१६ मधल्या एका अभ्यासात आहे. एका कॅफेत ग्राहकांना काही दिवसांनी वापरायचं कूपन दिलं होतं. काहींना सांगितलं की त्या दिवशी गल्ल्याजवळ परग्रहवासीयाचं एक खेळणं ठेवलेलं असेल, ते कूपनची आठवण करून देईल. खेळणं सर्वांनाच दिसणार होतं, पण त्याचा कूपनशी संबंध आधी सांगितलेल्या गटात २४ टक्क्यांनी कूपन वापरलं, बाकीच्यांत १७ टक्क्यांनी. दोन गोष्टी त्यातून घेता येतात. खूण कृतीच्या जागीच दिसायला हवी आणि ती वेगळी उठून दिसायला हवी. काळ्या वायरवरची काळी चिठ्ठी आठवडाभरात दिसेनाशी झाली असती. आणि खुणेचा अर्थ आधी मनात पक्का केलेला असावा लागतो, नुसतं खेळणं ठेवून भागत नाही. लाल पट्टीलाही हे लागू आहे. काही महिन्यांनी तीही नजरेत मुरते, तेव्हा रंग बदलावा. तिने मध्येच हिरवी केली, एवढ्याने पुरलं.

आठवण नीट बसल्यावर जोडी चालू लागली, आणि मग गळती सुरू झाली. एका लांबच्या प्रवासात तिने दोन भाग ऐकले. फोन हातात, कानात इअरफोन, करायला काही नाही. पुढच्या वेळी कार्डं लावली तेव्हा चिठ्ठीवरचा भाग ऐकून झालेला होता. त्या दिवशी डबा उघडला नाही. गळती ओळखायची खूण हीच : चिठ्ठीवरचा क्रमांक आणि प्रत्यक्ष ऐकलेला भाग यांत फरक पडणं. काम किती झालं यापेक्षा हा फरक आधी दिसतो, म्हणून लक्ष त्याच्यावर ठेवावं. डबा भरायला आठवडे लागतात, क्रमांक एका प्रवासात सरकतो.

‘पुन्हा नाही ऐकणार’ असं ती म्हणाली, तेव्हा मी तिला त्या दोन गटांची गोष्ट सांगितली. कुलूपवाल्या गटात आणि सांगितलेल्या गटात फरक चांगुलपणाचा नव्हता. मालिका तिने फोनवरून काढून टाकली आणि एका जुन्या टॅबलेटवर उतरवून घेतली. तो टॅबलेट पावत्यांच्या डब्याखाली, त्याच खणात. टॅबलेट काढायचा तर डबा उचलावाच लागतो. कुलूप म्हणावं इतकं पक्कं नाही, ठरवलं तर ती फोनवर पाच मिनिटांत परत घेऊ शकते. पण मोह बहुतेक वेळा पाच मिनिटांचीही मेहनत करत नाही. ज्यांना वाटतं की असं बंधन स्वतःवर लादून घेणं कोणालाच आवडणार नाही, त्यांच्यासाठी : त्याच २०१४च्या प्रयोगाच्या शेवटी ६१ टक्के सहभागींनी फक्त जिममध्येच ऐकता येणाऱ्या उपकरणासाठी स्वतःचे पैसे मोजायची तयारी दाखवली होती.

मग आला खंड. ती काही आठवडे चित्रीकरणाशिवाय घरच्या कामात होती. कार्डं उतरवायची नव्हती, म्हणून पट्टी समोर आलीच नाही. घटनेवर टेकलेल्या आठवणीची ही दुखरी बाजू : घटना थांबली की आठवणही थांबते, आणि थांबली आहे हे कोणी सांगत नाही. परतल्यावर डबा फुगलेला होता, कारण घरखर्चाच्या पावत्याही त्यातच पडल्या होत्या. एका भागाचं काम तीन भागांचं झालं होतं. तिने सगळं एका बैठकीत संपवायचं ठरवलं, तीन भाग सलग लावले, आणि तिसऱ्यापर्यंत मालिकेचाही वीट आला. चैन तुकड्यातुकड्याने मिळते तेव्हाच ओढते. पोट भरल्यावर तीच गोष्ट नुसता आवाज होते.

पुढच्या बैठकीला म्हणून एकच भाग, आणि त्या भागात जेवढ्या पावत्या होतील तेवढ्याच. उरलेल्या परत डब्यात. हे तिला पटायला जड गेलं, अर्धवट सोडल्यासारखं वाटत होतं. पण खंडानंतर परत आणायची असते ती जोडी. साचलेला ढीग जोडी परत बसल्यावर दोन-तीन बैठकांत उतरतो. शिवाय आम्ही एक राखीव खूण ठरवली : सलग तीन आठवडे कार्डं लागली नाहीत तर कॅलेंडरवर एक साधी घड्याळी आठवण, तेच दोन शब्दसमूह घेऊन. प्रत्येक वेळी कार्डं लागली की ती तीन आठवडे पुढे सरकवायची. म्हणजे एरवी ती कधी वाजतच नाही.

मालिकेचा शेवट हा अपेक्षित धक्का होता, तरी लोक तो विसरतात. शेवटचा भाग संपला की जोडीचा एक पाय गळतो. त्यासाठी शेवटचे दोन भाग उरले असतानाच नवी मालिका सुरू करायची, आणि एका बैठकीत जुन्या मालिकेचा अर्धा भाग, नव्याचा अर्धा असं करायचं. नवी मालिका कशी आहे ते ठरवायला हे अर्धे तुकडे पुरतात. एकदा तिने निवडलेली माहितीपर मालिका दोन बैठकांतच टाकून दिली. चांगली होती, पण पुढचा भाग कधी ऐकेन असं वाटत नव्हतं. दर्जा आणि ओढ या वेगळ्या गोष्टी आहेत, इथे ओढच कामाची. तिला मग पुन्हा खून, वारसा आणि हरवलेलं मृत्युपत्र यांच्याकडेच जावं लागलं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ही युक्ती मोठ्या प्रमाणावर कितपत चालते? एरिका किर्गिओस, मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी एका जिम-साखळीच्या हजारो सदस्यांवर केलेला प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मोफत ऑडिओबुक देऊन ते व्यायामासोबतच ऐकायला सुचवल्यावर आठवड्यात निदान एकदा व्यायाम होण्याची शक्यता १० ते १४ टक्क्यांनी वाढली. तेही कोणतंही कुलूप नसताना. नुसतं ऑडिओबुक दिलेल्या गटाच्या तुलनेत मात्र जोडी बांधायला सांगण्याचा वेगळा फायदा माफकच होता. जिमने गोष्टीचं पुस्तक दिलं की ते कशासाठी हे अनेकांना न सांगताच कळत असावं, असा माझा अंदाज. काही असो, आकडा माफक आहे, आणि मैत्रिणीचा अनुभव त्याच मापाचा होता. ती पावत्यांची भक्त झाली नाही. डबा आता झाकण बसण्याइतका राहतो, शाई उडायच्या आत फोटो होतात, आणि वर्षअखेरीच्या जागरणातलं हातकाम नाहीसं झालं.

जागरण मात्र पूर्ण संपलं नाही. बँकेशी जुळवणी हे काम जोडीबाहेर ठेवलं होतं, आणि ते अजूनही ती लांबवते. त्यासाठी मी मालिकेचा उपयोग सुचवणार नाही, तिथे एक आकडा चुकला तर सगळा महिना परत तपासावा लागतो. सध्या ती दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका व्यवसायबंधूसोबत व्हिडिओ-कॉल लावून बसते. दोघंही आपापली विवरणपत्रं उघडतात, आवाज बंद, कॅमेरा चालू. त्यात गोडवा कमी आणि धाक जास्त आहे. आत्तापर्यंत दोन महिन्यांची जुळवणी झाली आहे, तिसऱ्या महिन्याची तारीख त्याने पुढे ढकलली आहे.